एकशेऐंशीपैकी सत्त्याण्णव गोळ्या शिल्लक

मला टाइप टू मधुमेह होऊन आता दहा वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं तशी सुरळीत गेली. सकाळी आणि रात्री जेवणानंतर मेटफॉर्मिनची १००० मिलिग्रॅमची एकेक गोळी, वर्षातून दोनदा रक्ततपासणी आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, सातच्या आसपास. डिसेंबर २०२३ मध्ये ती ७.१ होती. सप्टेंबर २०२४ मध्ये १०.४ झाली. या नऊ महिन्यांत नेमकं काय बिघडलं ते माझ्या डॉक्टरांना कळलं नव्हतं, घरच्यांनाही नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट कळलं नव्हतं. ज्यांच्या गोळ्या सध्या चुकताहेत आणि ज्यांना ते कुणाला सांगता येत नाहीये, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात जानेवारीत झाली. दरवर्षीप्रमाणे डोळ्यांचा पडदा तपासून घेतला, तेव्हा पहिल्यांदाच अहवालात ‘मधुमेहामुळे सौम्य बदल’ असं आलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नीट समजावलं: आत्ता उपचारांची गरज नाही, साखर सांभाळा, ठरल्या वेळी परत दाखवा. मी मान डोलावली. पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट उरली होती, की आता सुरू झालं. आज डोळे, उद्या किडनी, परवा पाय.

इतकी भीती वाटल्यावर माणूस औषधं जास्त काटेकोरपणे घेईल असं कुणालाही वाटेल. माझं उलट झालं. गोळीचं पाकीट हातात घेतलं की तो अहवाल आठवायचा, म्हणून पाकीट हातात घेणंच टाळायला लागले. मीटरवर २०० दिसलं की दिवस जायचा नाही, म्हणून मीटर कपाटात वरच्या खणात गेलं. हे मी ठरवून केलं नाही. रात्रीची गोळी ‘थोड्या वेळाने घेते’ म्हणत राहून जायची आणि सकाळी आठवायची, एवढंच.

मार्चपर्यंत झोप बिघडली. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि छातीत धडधडत असायचं. दिवसभर अंगात त्राण नसायचं. आवडीची कामं सुटली, फोन उचलणं नको वाटायला लागलं. मी याला ‘थकवा’ म्हणत होते. साखर वाढली की थकवा येतोच, रात्री लघवीला उठावं लागतं, झोप मोडते, तेव्हा सगळं मधुमेहाच्या खात्यावर टाकणं सोपं होतं.

१२ जूनला तपासणी झाली. एचबीए१सी ९.२. डॉक्टरांनी विचारलं, “औषधं नियमित चालू आहेत ना?” मी म्हणाले, “हो.”

त्या एका ‘हो’चा परिणाम काय झाला तो सविस्तर सांगते. डॉक्टरांच्या दृष्टीने चित्र असं होतं: रुग्ण पूर्ण डोस घेते आहे, तरी साखर वाढते आहे, म्हणजे औषध कमी पडतंय. त्यांनी ग्लिमेपिराइडची २ मिलिग्रॅमची गोळी वाढवली, सकाळी नाश्त्याच्या आधी. मेटफॉर्मिन एकट्याने सहसा साखर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ती स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते, आणि पोटात अन्न गेलं नाही तर साखर खरोखरच खाली येते. डॉक्टरांनी हे सांगितलंही होतं. पण माझी भूक तेव्हा निम्म्यावर आली होती, आणि ते मी सांगितलं नव्हतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी ठरवलं की आजपासून सगळं नीट करायचं. दोन्ही गोळ्या घेतल्या. खाल्लं मात्र जेमतेम चार घास. साडेअकराला हात थरथरायला लागले, कपाळावर घाम, डोळ्यांपुढे अंधारी. मीटर शोधून रक्त टोचलं तर ५४. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी झाली असं धरतात, ५४ म्हणजे तर बरीच खाली. मी घरात एकटी होते. ग्लुकोज पाण्यात घालून प्यायले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ८१ आली. शरीर अर्ध्या तासात सावरलं, मन पुढचे तीन महिने सावरलं नाही.

त्या दिवसापासून प्रत्येक धडधड मला ‘लो’ वाटायला लागली. पहाटेची धडधडसुद्धा. उठायचं, काहीतरी गोड खायचं, मग पडून राहायचं. ग्लिमेपिराइड मी कुणालाही न विचारता बंद केली. मेटफॉर्मिनही अधूनमधूनच. साखर अडीचशेच्या आसपास असली की मला सुरक्षित वाटायचं. आज हे लिहितानाही अंगावर काटा येतो, कारण मी डोळ्यांच्या भीतीने सुरू झालेल्या गोष्टीत डोळ्यांचंच जास्त नुकसान करत होते, आणि ते मला कळत होतं. कळूनही हात गोळीकडे जात नव्हता. आळस किंवा बेफिकिरी म्हणतात ती ही नाही, एवढं ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी कृपा करून लक्षात घ्यावं.

१० सप्टेंबरला १०.४ चा अहवाल घेऊन मी डॉक्टरांसमोर बसले. त्यांनी इन्सुलिनचा विषय काढला आणि मला रडू कोसळलं. त्यांनी मला बाहेर डायबेटिस एज्युकेटरकडे पाठवलं, इन्सुलिनचं पेन समजावून सांगायला. त्या ताईंनी पेन बाजूला ठेवलं आणि विचारलं, “गेल्या सात दिवसांत मेटफॉर्मिनचे चौदा डोस होते. त्यातले साधारण किती चुकले असतील? बहुतेकांचे थोडेफार चुकतातच.”

नऊ महिन्यांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ‘नियमित घेता ना’ याला ‘हो’ सोडून दुसरं उत्तर देताच येत नाही, तिथे कबुलीच द्यावी लागते. ‘किती चुकले’ याला आकडा देता येतो. मी म्हणाले, “आठ-नऊ.” त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “घरी जाऊन जूनपासूनच्या सगळ्या उरलेल्या गोळ्या मोजा आणि परवा पिशवीतून घेऊन या.”

त्या रात्री मी पलंगावर पाकिटं मांडून मोजलं. ९० दिवसांच्या १८० गोळ्या आणल्या होत्या. ९७ शिल्लक होत्या. म्हणजे मी ८३ घेतल्या होत्या, निम्म्याहूनही कमी. नवरा दारात उभा होता. मी म्हटलं, “मी घेतच नव्हते.” तो काही बोलला नाही, शेजारी बसून रिकामी पाकिटं गोळा करू लागला.

१२ सप्टेंबरला पिशवी घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळ्या बघितल्या आणि आधी ग्लिमेपिराइड अधिकृतपणे बंद केली. इन्सुलिन फारच कमी पडलं की लघवीत उतरतात ती कीटोन्स तपासली, वजन झपाट्याने उतरलंय का, तहान फार लागते का ते विचारलं. तसं काही नव्हतं, म्हणून इन्सुलिन तूर्त थांबवून मेटफॉर्मिनच खऱ्या अर्थाने घेऊन बघायचं आणि दर आठवड्याला मीटरचे आकडे त्यांना पाठवायचे असं ठरलं. ही मोकळीक प्रत्येकाला मिळेलच असं नाही. टाइप वन असेल तर इन्सुलिन चुकवणं काही तासांत, फार तर दिवसा-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. तिथे थांबून बघायला जागाच नसते.

मग त्यांनी मला दोन छापील कागद दिले. एक पीएचक्यू-९, नैराश्यासाठी नऊ प्रश्न. दुसरा जीएडी-७, चिंतेसाठी सात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला शून्य ते तीन गुण. मला पहिल्यात २७ पैकी १६ मिळाले, दुसऱ्यात २१ पैकी १३. दोन्हींत दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासणी करून घ्यायची असते. कागदावरच्या गुणांवर निदान होत नाही, पुढे कुणाकडे पाठवायचं ते ठरतं.

मी विचारलं की झोप, भूक, थकवा हे सगळं साखरेमुळेही असू शकतं ना? ते म्हणाले, “असू शकतं. म्हणून पहिले दोन प्रश्न मी वेगळे वाचतो.” ते दोन म्हणजे कशात रस वाटत नाही आणि मन उदास, निराश असतं. साखर वाढल्याने माणूस दमतो, पण आवडीच्या गोष्टीसुद्धा नकोशा होऊन आठवडे उलटले असतील तर नुसत्या साखरेवर बोट ठेवून भागत नाही. दोन्हींत माझे तीन-तीन होते.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. मी ‘काही दिवस’ वर खूण केली होती आणि कागद उलटा करून दिला होता. डॉक्टरांनी दार लावून सरळ विचारलं: नुसतं ‘नको झालंय’ असं वाटतं, की काही करायचं मनात ठरवलं आहे? माझं पहिलं होतं. ते म्हणाले, “ज्या दिवशी दुसरं वाटेल त्या दिवशी तारखेची वाट बघायची नाही. घरच्या कुणाला तरी सांगून त्याच दिवशी तातडीच्या विभागात यायचं.” त्यांनी हे नवऱ्यालाही आत बोलावून सांगितलं, माझी परवानगी घेऊन. कुणीतरी एवढं स्पष्ट विचारलं याने मला फार हलकं वाटलं.

रक्तात थायरॉइड आणि बी१२ ही तपासलं. थायरॉइड कमी असेल तरी माणूस असाच मंदावतो, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी१२ उतरू शकतं. थायरॉइड ठीक निघालं. बी१२ १६८ आलं, कमी. मला वाटलं, चला, कारण सापडलं, आता मानसोपचाराकडे जायला नको. डॉक्टरांनी बी१२ सुरू केलं, मानसोपचार विभागासाठी दिलेली चिठ्ठी मात्र रद्द केली नाही.

चिठ्ठी घेऊन नोंदणी खिडकीवर गेले तर मानसोपचार विभागाची तारीख मिळाली २१ ऑक्टोबर. पाच आठवड्यांहून जास्त. माझ्या उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे मी खिडकीवर विचारलं, “कुणी तारीख रद्द केली तर फोन कराल का?” त्यांच्याकडे त्यासाठी वेगळी वही होती, पण विचारल्याशिवाय त्यात नाव लिहीत नाहीत. ३० सप्टेंबरची तारीख मिळाली. दुसरं, तिथे माझी नवी फाइल उघडली आणि त्या फाइलमध्ये मधुमेहाचा एकही कागद नव्हता. मी सगळ्या औषधांची डोससकट यादी, शेवटचे तीन एचबीए१सी, किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन आणि ‘जुलैत साखर ५४’ एवढं एका पानावर लिहून नेलं होतं. ते पान नसतं तर अर्धी भेट त्यातच गेली असती. विमा असेल तर मानसोपचाराच्या भेटी त्यात धरतात का हेही आधीच विचारून घ्यावं, मी नंतर विचारलं आणि दोन पावत्यांवर शिक्का घ्यायला परत रांग लावली.

मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी पाऊण तास दिला. कधी उलटं, म्हणजे कमी झोपूनही अंगात अफाट उत्साह, असं झालंय का हेही विचारलं, कारण तसं असेल तर औषध वेगळं लागतं. सर्ट्रालिन लिहून दिलं, आठवडाभर २५ मिलिग्रॅम आणि मग ५०. नैराश्याची काही औषधं वजन आणि साखर वाढवतात, म्हणून मधुमेह आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं. सर्ट्रालिनसारख्या औषधांनी काहींची साखर थोडी उतरूही शकते, त्यामुळे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर पहिले काही आठवडे मीटर जास्त वेळा लागतं. त्यांनी तीन गोष्टी कागदावर लिहून दिल्या: पहिले दहा-बारा दिवस मळमळ आणि बेचैनी वाढेल, फरक चार ते सहा आठवड्यांनी जाणवेल, आणि मनाने बंद करायचं नाही.

पहिले बारा दिवस खरंच कठीण गेले. मेटफॉर्मिनने पोट आधीच नाजूक, त्यात ही मळमळ. जेवणानंतर गोळी घेतल्यावर कमी झालं. ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी जाग आली तेव्हा साडेसहा वाजले होते. साडेतीनला उठले नव्हते. मला आठवणारा पहिला फरक तो.

मॅडमनी १४ ऑक्टोबरपासून त्यांच्याच विभागातल्या मानसशास्त्रज्ञांकडे दर आठवड्याची वेळ लावून दिली. एकूण बारा भेटी. त्यातलं सगळं सांगत बसत नाही, एक वही मात्र सांगते. वहीत दोन रकाने. डाव्या बाजूला ‘अंगात काय वाटलं’, उजव्या बाजूला ‘मीटर काय म्हणालं’. धडधडलं की गोड तोंडात घालण्याआधी रक्त टोचायचं. (मीटर हाताशी नसेल तर मात्र साखर कमी आहे असं धरून आधी ग्लुकोज घ्यायचं, तिथे तपासत बसायचं नाही.) पहिल्या तीन आठवड्यांत तेवीस नोंदी झाल्या. घाम, थरथर, धडधड, ‘आता पडणार’. उजव्या रकान्यात १८८, २०३, १७१, १९६. सत्तरच्या खाली एकही नाही.

काही नोंदी मात्र बुचकळ्यात टाकणाऱ्या होत्या. एकदा खूप थरथरलं आणि मीटरवर ११२. ती वही मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवली तेव्हा कळलं की शरीर महिनोन्‌महिने अडीचशेला सरावलं असेल तर ११२ सुद्धा त्याला खाली गेल्यासारखी वाटते आणि ते तीच धोक्याची घंटा वाजवतं. साखर काही आठवडे योग्य पातळीत राहिली की घंटा परत जागेवर येते. माझी नोव्हेंबरच्या अखेरीस आली. हे आधी माहीत असतं तर औषध ‘सोसत नाही’ म्हणून मी ते कितीदा तरी सोडलं नसतं.

सातव्या भेटीला नवऱ्याला बोलावलं. त्याची सवय होती रोज रात्री विचारायची, “गोळी घेतलीस का?” काळजीनेच विचारायचा. पण मी प्रत्येक वेळी ‘घेतली’ म्हणायचे, आणि एकदा खोटं बोलल्यावर उठून घेणं आणखी अवघड व्हायचं. आमच्यात ठरलं ते असं: आठवड्याच्या खणांची पारदर्शक डबी जेवणाच्या टेबलावर. तो विचारणार नाही, डबी दिसतेच. सलग दोन खण भरलेले राहिले तर तो म्हणेल, “आज मी पाणी आणू का?” एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही, चुकला तो चुकला, आणि रविवारी डबी भरताना चुकलेल्यांचा आकडा वहीत लिहायचा. डॉक्टरांकडे आता मी तो आकडाच सांगते.

१२ डिसेंबरला एचबीए१सी ८.६ आली, पीएचक्यू-९ वर ९. मला वाटलं होतं मन सुधारलं की साखर आपोआप उतरेल. डॉक्टरांनी सांगितलं की नुसत्या नैराश्यावर उपचार केले तर साखर बऱ्याचदा तशीच राहते. २०१० मध्ये अमेरिकेत २१४ रुग्णांवर एक अभ्यास झाला होता. त्यांना नैराश्य होतं आणि सोबत मधुमेह, हृदयविकार किंवा दोन्ही होते. त्यात एकच परिचारिका दोन्हींकडे एकत्र लक्ष ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधं जुळवत होती, आणि तिथे साखर आणि मन दोन्ही सुधारले. आमच्याकडे तशी परिचारिका नव्हती, म्हणून मीच दोन्हीकडचे कागद दोन्हीकडे नेत राहिले. प्रत्येक भेटीनंतर चिठ्ठीची एक प्रत दुसऱ्या फाइलला लावायची, एवढंच.

जानेवारी वाईट गेला. पुन्हा चार-पाच रात्री सलग चुकल्या, पहाटेची जागही परतली. या वेळी मी तिसऱ्या दिवशी फोन केला. सर्ट्रालिन ७५ झालं. मार्च २०२५ मध्ये एचबीए१सी ७.५, पीएचक्यू-९ वर ५. सर्ट्रालिन अजून चालू आहे. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने घ्यायचं आणि मग हळूहळू कमी करायचं असं मॅडम म्हणाल्या आहेत.

एक तपासणी मी पुढे ढकलत होते, डोळ्यांची. साखर भरभर खाली आली तर पडद्यावरचे बदल काही काळ वाढू शकतात, म्हणून डॉक्टर डिसेंबरपासून आठवण करून देत होते. एप्रिलमध्ये गेले. बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि तासभर बाकावर बसले होते, डोळ्यांसमोर सगळं धूसर. छाती धडधडत होती. पिशवीतून मीटर काढलं, पण आकडा मला दिसेना. नवऱ्याने वाचून सांगितला, “एकशे एकोणचाळीस.” मग आत बोलावलं. अहवालात जानेवारी २०२४ चेच शब्द होते, ‘सौम्य बदल’, आणि खाली पुढची तारीख.